शवविच्छेदन अहवालातली लांबी आणि जिवंतपणीची उंची यांत फरक का पडतो?

खाडीकाठी एक अनोळखी मृतदेह सापडतो. जागेवरच्या पंचनाम्यात लिहिलं जातं, 'उंची ५ फूट ८ इंच'. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन अहवालात नोंद होते '१७१ सेंमी', म्हणजे साधारण ५ फूट ७ इंच. पोलीस ठाण्याच्या मिसिंग रजिस्टरमध्ये ज्याच्याशी ओळख पटण्याची शक्यता आहे, त्याची उंची घरच्यांनी ५ फूट ५ इंच सांगितलेली असते. तिन्ही आकडे वेगळे म्हणून माणूसही वेगळा, असा निष्कर्ष इथे कुणी काढला तर तो कदाचित चुकीचा ठरेल. हे तीन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. पहिला घाईत टेपने घेतलेला आहे, दुसरा आडव्या मृतदेहाच्या लांबीचा आहे आणि तिसरा उभ्या माणसाच्या आठवणीतल्या उंचीचा आहे. त्यांची थेट तुलना करता येत नाही. तशी तुलना केली, तर बरोबर नाव यादीतून गळतं आणि एका घराला आपल्या माणसाचा पत्ता लागायचा राहून जातो.

मृतदेहाची लांबी जिवंतपणीच्या उंचीपेक्षा सहसा जास्त भरते. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत हा फरक दोन ते अडीच सेंटिमीटर दिलेला असतो. हा आकडा कुठून आला आणि तो कितपत विश्वासाचा आहे ते पुढे पाहू. त्याआधी लांबी वाढते कशी, ते समजून घ्यायला हवं.

सगळ्यात मोठा वाटा पाठीच्या कण्याचा. मणक्यांच्या मध्ये लवचीक चकत्या असतात, मानेपासून कमरेपर्यंत एकूण २३. माकडहाडाच्या वरच्या कण्याच्या लांबीतला सुमारे पाव भाग या चकत्यांचाच असतो. त्यांच्यात पाणी धरून ठेवणारा मऊ गाभा असतो. उभं राहिल्यावर किंवा बसल्यावर वरच्या शरीराचा भार त्यांच्यावर येतो, पाणी हळूहळू बाहेर ढकललं जातं आणि चकत्या दबतात. आडवं झाल्यावर त्या पुन्हा पाणी ओढून घेतात. म्हणूनच प्रत्येक जिवंत माणूस सकाळी उंच आणि रात्री थोडा बुटका असतो. १९८५ साली टायरेल, रायली आणि ट्रूप यांनी तरुणांवर केलेल्या मोजणीत हा दिवसभराचा फरक सरासरी १९ मिलिमीटर निघाला आणि त्यातली निम्म्याहून जास्त घट उठल्यानंतरच्या पहिल्याच तासात झाली. थोडक्यात, माणसाची 'खरी उंची' हा एकच आकडा जिवंतपणीसुद्धा नसतो. शवागारातला मृतदेह तर तासन्‌तास आडवाच असतो आणि त्या काळात कण्यावर उभा भार नसतो.

दुसरा वाटा स्नायूंचा. जिवंत माणूस झोपला तरी पाठीच्या कण्याशेजारचे लांब स्नायू पूर्ण सैल पडत नाहीत. ते मणक्यांना एकमेकांकडे ओढून धरतात आणि चकत्यांवर थोडा दाब ठेवतात. मृत्यूनंतर लगेच हा ताण संपतो. कण्याला मान, पाठ आणि कंबर इथे जी नैसर्गिक वळणं असतात ती उताण्या स्थितीत थोडी सपाट होतात. वाकलेली गोष्ट सरळ झाली की दोन टोकांमधलं अंतर वाढतं. खुबा आणि गुडघा यांसारखे मोठे सांधे सैल होतात, तळपायाखालची मऊ गादीही दबलेली राहत नाही. यांतला एकेक बदल मिलिमीटरांचा असतो, पण सगळे एकाच दिशेने होतात.

इथे एक बारकावा नजरेतून सुटतो. या वाढीतला बराचसा भाग मृत्यूमुळे येतच नाही, तो आडवं होण्यामुळे येतो. जिवंत माणसाला उताणं झोपवून मोजलं तरी त्याची लांबी उभ्या उंचीपेक्षा एक ते तीन सेंटिमीटर जास्त भरू शकते. म्हणून 'मेल्यावर माणूस लांबतो' असं म्हणण्यापेक्षा 'आडवं पडलेलं, ताण गेलेलं शरीर उभ्या शरीरापेक्षा लांब असतं' हे वर्णन जास्त नेमकं आहे. व्यवहारातही त्याचा उपयोग होतो, कारण मृतदेह कोणत्या स्थितीत मोजला यावर फरक किती पडेल हे ठरतं.

आता त्या अडीच सेंटिमीटरकडे येऊ. फ्रान्समध्ये एतिएन रोले यांनी १८८८ मध्ये लियाँ इथल्या ५० पुरुष आणि ५० स्त्रियांच्या मृतदेहांची लांबी आणि हाडं मोजली. त्यांच्या आकड्यांवरून लेओन्स मनुव्हरिए यांनी हाडांवरून उंची काढण्याची कोष्टकं बनवली आणि सांगितलं, की जिवंतपणीची उंची हवी असेल तर दोन सेंटिमीटर वजा करा. आज सर्वत्र वापरला जाणारा २.५ हा आकडा मात्र मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर या दोन अमेरिकन संशोधिकांच्या १९५२ च्या कामातून आला.

त्यांच्याकडे दोन गट होते. एक गट दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांचा. त्यांची उंची सैन्यात भरती होताना उभं करून मोजलेली होती आणि पुढे त्यांचे सांगाडे तपासायला मिळाले. दुसरा गट सेंट लुईसमधल्या टेरी संग्रहातला. तिथले सांगाडे शरीररचना विभागात आलेल्या मृतदेहांचे होते आणि त्यांची लांबी मृत्यूनंतर मोजलेली होती. ट्रॉटर आणि ग्लेसर यांनी पाहिलं, की मांडीचं आणि पायाचं हाड तेवढंच लांब असताना टेरी संग्रहातल्या लोकांची नोंदलेली लांबी सैनिकांच्या उंचीपेक्षा किती जास्त येते. वयाचा परिणाम बाजूला काढल्यावर हा फरक सुमारे २.५ सेंटिमीटर निघाला.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, हा फरक एकाच माणसाला आधी जिवंतपणी आणि मग मृत्यूनंतर मोजून काढलेला नाही. तो दोन वेगळ्या समूहांच्या सरासरींमधला फरक आहे. त्यामुळे तो समूहाला लागू पडतो. एका माणसाच्या बाबतीत प्रत्यक्ष फरक अर्धा सेंटिमीटर असू शकतो किंवा चारही असू शकतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती फार थोड्या ठिकाणी सांगितली जाते. टेरी संग्रहातले मृतदेह टेबलावर उताणे ठेवून मोजलेले नव्हते. एका खास उभ्या फळीला टेकवून, डोक्याला आधार देऊन, तळपाय खाली सपाट ठेवून, शक्य तेवढी उभ्या माणसासारखी स्थिती आणून ते मोजलेले होते. आपल्याकडे शवविच्छेदनाच्या टेबलावर घेतलेल्या मापाला तोच २.५ लावताना आपण एक गृहीतक धरत असतो. ते गृहीतक वापरायला हरकत नाही, पण २.५ च्या पुढे अचूकतेचा आव आणू नये. 'मृतदेहाची लांबी १७१.० सेंमी, म्हणून जिवंतपणीची उंची १६८.५ सेंमी' असं एकच ठाम विधान अहवालात असेल, तर तो दशांश आपल्याला मुळात माहीतच नाही.

प्रत्यक्षात या अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या चुका मोजणीतच होतात. योग्य पद्धत अशी. मृतदेह सपाट, कठीण पृष्ठभागावर उताणा ठेवायचा. डोक्याखालचा ठोकळा काढायचा, कारण तो ठेवला की मान पुढे वाकते. डोळे सरळ वर पाहतील अशा रीतीने डोकं ठेवायचं, हनुवटी छातीकडे किंवा मागे नको. गुडघे पूर्ण सरळ, टाचा एकत्र, तळपाय पायाला काटकोनात. मग माथ्याला एक उभी फळी आणि टाचांना दुसरी उभी फळी टेकवून या दोन फळ्यांमधलं सरळ अंतर मोजायचं. मोजपट्टी टेबलाच्या कडेने जायला हवी, शरीरावरून नाही. दोनदा मोजायचं आणि दोन मापांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

सर्वात जास्त घोटाळा पायाच्या पंज्याचा होतो. मृत्यूनंतर पाय पुढे झुकतो, चवड्यावर उभं राहिल्यासारखा. अशा स्थितीत बोटांच्या टोकापर्यंत टेप धरला, तर साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या आणि ४० अंशांनी झुकलेल्या पायामुळे माप सुमारे १० सेंटिमीटरने वाढतं. अडीचची चर्चा तिथेच संपते. उलट पाय तसाच झुकलेला ठेवून टाचेपर्यंत मोजलं तर टाच वर सरकलेली असल्यामुळे लांबी कमी येते. दोन्ही टाळण्यासाठी पाय काटकोनात आणून मगच मोजायला हवं.

दुसरा घोटाळा गुडघ्यांचा. मृत्यूत्तर ताठरता आलेली असेल आणि गुडघे वाकलेले असतील तर शरीर आखडलेलं राहतं. मांडी आणि पोटरी मिळून पायाची लांबी साधारण ८३ सेंटिमीटर धरली, तर गुडघा २० अंश वाकल्यास सुमारे सव्वा सेंटिमीटर कमी येतो आणि ३० अंश वाकल्यास जवळपास पावणेतीन. म्हणजे ३० अंशांचा वाक मृतदेहाची संपूर्ण 'वाढ' गिळून टाकतो आणि मापात कुठलीच विसंगती दिसत नाही. पाठ्यपुस्तकांतल्या ढोबळ नियमानुसार ताठरता पूर्ण यायला सुमारे १२ तास लागतात, ती तितकेच तास टिकते आणि तितक्याच तासांत उतरते. उकाड्यात हे चक्र बरंच लवकर आटोपतं. ताठरता असताना सांधा सरळ करायचा की उतरण्याची वाट पाहायची, हा निर्णय तपासणीच्या गरजेनुसार घ्यावा लागतो, कारण ताठरतेची नोंद आधी व्हायला हवी. पण वाकलेल्या गुडघ्यानिशीच मोजावं लागलं असेल तर तसं लिहिलं पाहिजे.

तिसरा घोटाळा टेप छाती-पोटावरून नेण्याचा. पंचनाम्यात तो नेहमी होतो, कारण जागेवर फळी कुठून आणणार? मोठ्या पोटावरून गेलेला टेप सरळ अंतर मोजत नाही, उंचवटा मोजतो. वरच्या उदाहरणातला ५ फूट ८ इंच, म्हणजे १७२.७ सेंमी, अशाच पद्धतीने आला असण्याची शक्यता आहे. म्हणून पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांत फरक दिसला आणि अहवालातलं माप फळ्यांनी, नीट स्थितीत घेतल्याचं नोंदलेलं असेल, तर त्यालाच प्राधान्य द्यावं. अहवालात पद्धत लिहिलेलीच नसेल, तर ते माप नेमकं कसं घेतलं हे वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारावं.

आता तेच उदाहरण पुढे नेऊ. समजा, अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५ ते ५५, मृतदेह कुजलेला नाही. ताठरता उतरल्यावर, पाय काटकोनात ठेवून, फळ्यांमध्ये लांबी १७१.० सेंमी. मिसिंगच्या नोंदींत चार जण आहेत. पहिल्याची उंची भावाने ५ फूट ५ इंच सांगितली आहे. दुसऱ्याच्या घरी नोकरीला लागताना केलेलं वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र मिळालं आहे, त्यात वय २४, उंची १६९ सेंमी. तो आज ५२ वर्षांचा असता. तिसऱ्याने स्वतः एका अर्जात ५ फूट ८ इंच लिहिलं होतं. चौथ्याची सैन्यभरतीच्या वेळी मोजलेली उंची १८१ सेंमी आहे आणि तोही पन्नाशीतला.

पंचनाम्याचा ५ फूट ८ इंच समोर ठेवून नुसते आकडे जुळवले तर तिसरा तंतोतंत बसतो. इथेच शोध चुकीच्या घराकडे वळतो.

दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण त्याची नोंद मोजलेली आहे. पण ती २८ वर्षांपूर्वीची आहे. तिशीनंतर माणसाची उंची हळूहळू कमी होते. ट्रॉटर आणि ग्लेसर यांनी त्यासाठी ३० वर्षांनंतर दर वर्षी ०.०६ सेंटिमीटर ही ढोबळ घट दिली आहे. ५२ व्या वर्षी ती २२ गुणिले ०.०६, म्हणजे १.३ सेंटिमीटर. म्हणजे त्याची आजची उभी उंची १६७.७ च्या आसपास. त्यात मृतदेहाची वाढ २.५ मिळवली, की अपेक्षित लांबी १७०.२ येते. प्रत्यक्ष १७१.०. एक सेंटिमीटरच्या आत जुळलं.

पहिल्याचे ५ फूट ५ इंच म्हणजे १६५.१ सेंमी. २.५ मिळवल्यावर १६७.६, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा साडेतीन सेंटिमीटरने कमी. पण नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेली उंची एक-दोन इंचांनी सहज चुकते, त्यामुळे त्याला वगळता येत नाही. तिसऱ्याचे १७२.७ अधिक २.५ म्हणजे १७५.२, चार सेंटिमीटर जास्त. पण पुरुष स्वतःची उंची वाढवून सांगतात हे मोजून दाखवलेलं आहे. अमेरिकन सैनिकांच्या आकड्यांवरच्या १९९१ च्या गाइल्स आणि हचिन्सन यांच्या अभ्यासात ही वाढ पुरुषांत सरासरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास होती. भारतीय पुरुषांना तोच आकडा लागू होईल असं नाही, पण दिशा तीच धरायला हरकत नाही. म्हणजे तिसराही यादीत राहतो, फक्त खाली सरकतो. चौथ्याची उंची वयाची घट धरून १८० च्या आसपास आणि अपेक्षित लांबी सुमारे १८२. अकरा सेंटिमीटरचा फरक मोजणीच्या किंवा दुरुस्तीच्या कुठल्याही चुकीत बसत नाही. तो वगळता येतो.

अशा तपासात उंचीचं काम एवढंच. क्रम लावता येतो आणि फार लांबची नावं बाजूला काढता येतात. दुसऱ्या क्रमांकाच्या घरी आधी संपर्क साधायचा, पण ओळख ठरेल ती बोटांचे ठसे, दातांच्या नोंदी, शस्त्रक्रियेच्या खुणा किंवा डीएनएवर. फक्त लांबी जुळली म्हणून मृतदेह ताब्यात देणं जितकं चूक, तितकंच दोन-तीन सेंटिमीटर जुळले नाहीत म्हणून नाव काढून टाकणं चूक.

वृद्धांच्या बाबतीत एक वेगळाच पेच असतो. पासष्टीच्या माणसाची तरुणपणी मोजलेली उंची १७० सेंमी असेल, तर वयामुळे ३५ गुणिले ०.०६, म्हणजे २.१ सेंटिमीटर गेले. आणि मृतदेहात २.५ वाढले. दोन्ही मिळून अपेक्षित लांबी १७०.४, म्हणजे जवळजवळ जुन्या नोंदीइतकीच. आकडे हुबेहूब जुळलेले पाहून वाटतं, की फरकच पडत नाही. खरं तर दोन विरुद्ध दिशांचे फरक एकमेकांना झाकतात. यात आणखी एक धोका आहे. ज्या वृद्धाच्या पाठीला कायमचं कुबड आलं आहे, मणके चेपले गेले आहेत, त्याचा कणा उताण्या स्थितीतही सपाट होत नाही आणि झिजलेल्या चकत्या फारशा फुगतही नाहीत. तिथे घट ०.०६ च्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त असते आणि वाढ २.५ पेक्षा कमी. अशा मृतदेहाला दोन्ही सरासरी आकडे लावू नयेत. कुबड आहे अशी नोंद करावी आणि उंचीचा पल्ला मोठा ठेवावा.

सांगाडा मिळाला असेल तर मृतदेहाची लांबी थेट मोजता येत नाही, पण अडीच सेंटिमीटर तिथेही मागे येतात. हाडावरून उंची काढायचं प्रत्येक सूत्र कुणाच्या तरी नोंदलेल्या उंचीवर बेतलेलं असतं. ती उंची उभ्या माणसाची होती की मृतदेहाची, यावर उत्तर काय आहे ते ठरतं. मेक्सिकोतल्या मृतदेहांवर आधारलेल्या खेनोव्हेस यांच्या १९६७ च्या सूत्रात हे उघड दिसतं. पुरुषाच्या मांडीच्या हाडासाठी ते असं आहे:

```
उंची = 2.26 × मांडीच्या हाडाची लांबी + 66.379 − 2.5
```

शेवटची २.५ ची वजाबाकी केली नाही तर उत्तर मृतदेहाच्या लांबीचं, केली तर उभ्या उंचीचं. ४५ सेंटिमीटरच्या हाडाला ते अनुक्रमे १६८.१ आणि १६५.६ येतं. ट्रॉटर आणि ग्लेसर यांच्या टेरी संग्रहावरच्या सूत्रांत ही वजाबाकी आधीच करून ठेवलेली आहे. ते माहीत नसलेला माणूस 'शवावरचं सूत्र आहे' म्हणून पुन्हा २.५ वजा करतो आणि उंची खरीपेक्षा एक इंच कमी निघते. कोणतंही सूत्र वापरण्याआधी त्याच्या मुळाशी कोणाची आणि कशी मोजलेली उंची आहे हे पाहायला हवं, आणि अहवालात सूत्राचं नाव लिहून वजाबाकी केली की नाही तेही लिहायला हवं.

काही मृतदेहांच्या बाबतीत लांबीवरून उंची काढायचा प्रयत्न सोडूनच द्यावा. जळालेल्या शरीरात उष्णतेने स्नायू आखडतात, कोपर आणि गुडघे मुष्टियोद्ध्यासारखे वाकतात आणि ते सरळ करताना हाडं तुटतात. पूर्ण लटकलेल्या स्थितीत बराच काळ राहिलेल्या मृतदेहाची मान ताणली गेलेली असते. खूप कुजलेल्या शरीरात सांधे सुटू लागतात आणि उचलताना मिळणारं माप काहीही असू शकतं. रेल्वे अपघातात तुकडे झालेले असतील तर तुकडे जोडून मिळालेली लांबी ही लांबी नसतेच. अशा वेळी मांडीचं किंवा पायाचं हाड क्ष-किरणावर किंवा प्रत्यक्ष मोजून योग्य सूत्राने पल्ला काढणं जास्त सुरक्षित.

साध्या, अखंड मृतदेहाच्या अहवालात मात्र उंचीच्या रकान्यात नुसता आकडा न लिहिता एक पूर्ण वाक्य लिहावं, उदाहरणार्थ: 'मृतदेहाची लांबी १७१.० सेंमी, उताण्या स्थितीत, माथा ते टाच, पाय काटकोनात, दोन फळ्यांमधील सरळ अंतर, ताठरता उतरलेली, जिवंतपणीच्या उंचीसाठी वजाबाकी केलेली नाही.' पुढे तपास करणारा अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यातला असला, तरी त्याला या वाक्यावरून आपल्याकडच्या नोंदीत किती मिळवायचं आणि किती वजा करायचं ते ठरवता येईल.